एक महिना, दहा लाख वेळा

निफ्टी आज २५,००० वर आहे असे धरू. तीस दिवसांनी तो २५,५०० च्या वर असेल, तर जितके अंक वर तितके रुपये विकणाऱ्याने घेणाऱ्याला द्यायचे. २५,५०० किंवा त्याच्या खाली असेल, तर काहीच द्यायचे नाही. हा झाला निफ्टीचा कॉल ऑप्शन. २५,५०० ही त्याची स्ट्राइक आणि तिसावा दिवस ही एक्स्पायरी. राष्ट्रीय शेअर बाजारात निफ्टीच्या ऑप्शनचा शेवटचा हिशेब असाच, एक्स्पायरीच्या दिवशीच्या पातळीवर आणि रोखीत होतो. प्रश्न एवढाच, की अशा कराराचे आज किती रुपये मोजावेत?

तीस दिवसांनी निफ्टी कुठे असेल हे कोणीच सांगू शकत नाही. पण तो कुठे कुठे असू शकतो आणि त्यातली कोणती पातळी किती संभवते, याबद्दल काही गृहीत धरता येते. तेवढे धरले, की संगणकाकडून तोच एक महिना पुन्हा पुन्हा घडवून घेता येतो. दर वेळी निफ्टी वेगळ्या पातळीवर थांबतो, दर वेळी ऑप्शनमधून काहीतरी मिळते किंवा काहीच मिळत नाही. या सगळ्या प्राप्तींची सरासरी काढून ती आजच्या पैशांत आणली, की ऑप्शनची किंमत हाती येते.

या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. आजारातून उठलेले गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम १९४६ साली पत्त्यांचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे अवघड जात होते. त्यापेक्षा पुष्कळ डाव खेळून किती सुटले ते मोजावे, असे त्यांना सुचले. जॉन फॉन नॉयमन यांच्यासह लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत हीच युक्ती न्यूट्रॉनच्या हालचाली मोजायला वापरली गेली. ऑप्शनच्या किमतीसाठी ती कशी वापरायची, हे फेलिम बॉयल यांनी १९७७ साली एका शोधनिबंधात दाखवले.

आता आपला ऑप्शन घेऊ. दोन आकडे गृहीत धरू: बिनजोखमीचा व्याजदर वर्षाला ६ टक्के आणि निफ्टीचा चढउतार, म्हणजे व्होलॅटिलिटी, वर्षाला १४ टक्के. चढउतार कालावधीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तीस दिवसांसाठी तो सुमारे ४ टक्के होतो. लाभांश सोपेपणासाठी बाजूला ठेवू. पायथॉनमधला सगळा कोड इतकाच:

```python
import numpy as np

rng = np.random.default_rng(42)
S0, K, r, sigma, T = 25000, 25500, 0.06, 0.14, 30/365
n = 1_000_000

z = rng.standard_normal(n)
ST = S0 * np.exp((r - 0.5*sigma**2)*T + sigma*np.sqrt(T)*z)
payoff = np.maximum(ST - K, 0)
pv = np.exp(-r*T) * payoff

print(ST.mean(), pv.mean(), pv.std(ddof=1)/np.sqrt(n))
print((payoff == 0).mean(), np.percentile(payoff, [50, 75, 95, 99]))
```

यातला `z` हा यादृच्छिक आकडा. तो शून्याच्या आसपास जास्त वेळा पडतो आणि दोन्ही बाजूंना दूर जावे तसा विरळ होत जातो. `z` जर १.२ आला, तर निफ्टी साधारण २६,३४२ वर थांबतो आणि घेणाऱ्याला ८४२ रुपये मिळतात. उणे ०.५ आला तर निफ्टी २४,६०५ च्या आसपास आणि प्राप्ती शून्य. ०.३ आला तर निफ्टी २५,४०७ वर, म्हणजे ४०० अंकांनी वाढलेला, तरीही प्राप्ती शून्यच, कारण स्ट्राइक ओलांडली गेली नाही. अशा दहा लाख निकालांची आजच्या पैशांतली सरासरी २४३ रुपयांच्या जवळपास येते.

या साध्या ऑप्शनसाठी १९७३ सालचे ब्लॅक-शोल्स सूत्र हाताशी आहे आणि त्याचे उत्तर २४३.४ रुपये येते. मग एवढा खटाटोप कशाला? कारण कच्च्या तेलाच्या व्यवहारांत प्रचलित असलेले कित्येक ऑप्शन महिनाभराच्या सरासरी भावावर ठरतात, आणि अशा ऑप्शनला बिनचूक सुटसुटीत सूत्र नाही. तिथे महिन्याचा शेवट काढून भागत नाही, रोजचा भाव एकामागून एक घडवावा लागतो. कोडचा सांगाडा मात्र तोच राहतो. म्हणून आधी उत्तर माहीत असलेल्या ऑप्शनवर कोड तपासायचा आणि मगच सूत्र नसलेल्याकडे वळायचे, अशी जाणत्यांची रीत आहे.

शिवाय सूत्र किमतीचा एक आकडा देते, सिम्युलेशन दहा लाख निकालांची यादी देते. ती यादी लहानापासून मोठ्यापर्यंत लावून पाहिली, की २४३ रुपये कुठून आले ते उलगडते. सुमारे ६५ टक्के निकालांत प्राप्ती शून्य आहे, त्यामुळे मधला निकालही शून्यच. शंभरातला ७५ वा निकाल २९२ रुपयांच्या आसपास, ९५ वा सुमारे १,३१७, आणि ९९ वा २,०६० च्या घरात. ज्या ३५ टक्के वेळा पैसे मिळतात, तेव्हा ते सरासरी ७०० रुपये मिळतात. २४३ रुपये हा नेहमी पदरात पडणारा आकडा नव्हे. पुष्कळसे शून्य आणि थोड्या मोठ्या रकमा यांची ती सरासरी आहे. ही किंमत मोजून ऑप्शन घेतला, तर या हिशेबात खर्च भरून निघण्याची वेळ शंभरात जेमतेम २६-२७ वेळा येते. किंमत रास्त असणे आणि घेणाऱ्याचा फायदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या यादीइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही.

आता उत्तरावर विश्वास किती ठेवायचा ते पाहू. आपल्या ऑप्शनच्या प्राप्तीचे प्रमाण विचलन, म्हणजे निकालांची पांगापांग, सुमारे ४७५ रुपये आहे. सरासरीतली त्रुटी काढायला याला फेऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. शंभर फेऱ्यांत ही त्रुटी ४७ रुपये, दहा हजारांत पावणेपाच रुपये, दहा लाखांत अर्धा रुपया. त्रुटी दहापट कमी करायची तर फेऱ्या शंभरपट कराव्या लागतात. म्हणून नुसती किंमत छापणारा कोड अर्धवट समजावा. वरच्या कोडमधल्या पहिल्या `print` चा तिसरा आकडा ही त्रुटीच आहे. खरी सरासरी उत्तरापासून या त्रुटीच्या दुपटीच्या आत असण्याची खात्री साधारण ९५ टक्के धरतात.

कोडमध्ये चूक कुठे होते? बहुतेक वेळा `- 0.5*sigma**2` या तुकड्यात. तो वगळला तरी कोड चालतो आणि उत्तरही पटण्याजोगे दिसते. पण घातांकात घातलेले चढउतार सरासरीला वर खेचतात, कारण वरच्या उड्या खालच्या पडण्यापेक्षा रुपयांत मोठ्या होतात. हा तुकडा ती वाढ काढून टाकतो. चूक ओळखायची खूण `ST.mean()` मध्ये असते. ही सरासरी २५,००० वर तीस दिवसांचे व्याज धरून, म्हणजे २५,१२४ च्या आसपास यायला हवी. तुकडा विसरला तर ती सुमारे २० अंकांनी जास्त येते. दहा लाख फेऱ्यांत या सरासरीची स्वतःची त्रुटी एका अंकाएवढीच असते, म्हणून २० अंकांचा फरक लगेच डोळ्यांत भरतो. दहा हजार फेऱ्यांत ती त्रुटी दहा अंकांची होते आणि चूक तिच्याआड सहज दडू शकते.

दुसरी चूक कोडची नसते, समजुतीची असते. निफ्टी वर्षाला १२ टक्के वाढेल असे वाटते म्हणून `r` च्या जागी वाढीसाठी ०.१२ घातले, तर किंमत २९१ च्या आसपास जाते. हे आकर्षक वाटले तरी चूक आहे. ऑप्शन विकणारा निफ्टीत योग्य प्रमाणात खरेदी-विक्री करत राहून आपली जोखीम भरून काढू शकतो, आणि त्या खटपटीचा खर्च व्याजदरावर ठरतो, कोणाच्या अपेक्षेवर नाही. म्हणून किंमत काढताना वाढ व्याजदराचीच धरायची. याचीच दुसरी बाजू अशी, की वर आलेले ३५ टक्के हे बाजाराचे भाकीत नव्हे, किंमत ठरवण्यासाठीचे प्रमाण आहे. स्वतःच्या नफ्यातोट्याचे चित्र हवे असेल, तर आपली अपेक्षा घालून वेगळी फेरी चालवावी. १२ टक्के वाढ धरली तर स्ट्राइक ओलांडण्याची शक्यता ३९ टक्क्यांवर जाते. हे दोन हिशेब एकाच तक्त्यात मिसळले, की वाचणाऱ्याची हमखास दिशाभूल होते.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र त्या १४ टक्क्यांत आहे. चढउतार १४ ऐवजी १५ टक्के धरला, तर किंमत २४३ वरून २७० वर जाते. दहा लाख फेऱ्यांनी त्रुटी अर्ध्या रुपयावर आणली आणि एका गृहीतकाने उत्तर २७ रुपयांनी हलवले. फेऱ्या वाढवून मोजणीतली त्रुटी कमी होते, गृहीतकातली होत नाही. पडद्यावर २४३.३७ असे दोन दशांश दिसले, की हा फरक विसरायला होतो.

शिवाय १४ टक्के धरल्यावर निफ्टी एका दिवसात साधारण ०.९ टक्के हलेल असे आपण म्हणत असतो. निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, निफ्टी सुमारे ५.९ टक्के पडला. २३ मार्च २०२० रोजी तो जवळपास १३ टक्के पडला होता. आपल्या `z` च्या जगात असे दिवस लाखो वर्षांतही उगवत नाहीत. खऱ्या बाजारात चढउतार स्थिर राहत नाही, शांत आठवडे आणि वादळी आठवडे गटागटाने येतात. म्हणून यादीच्या टोकाचे आकडे, ९९ व्या निकालासारखे, सगळ्यात कमी भरवशाचे समजावेत. ते सुधारायचे तर अधूनमधून अचानक उडी घेणारे किंवा चढउतारच बदलत ठेवणारे प्रतिमान घ्यावे लागते, आणि त्यातले आकडेही पुन्हा कोणीतरी गृहीतच धरलेले असतात.

म्हणून अशा कोडचे उत्तर मागताना तीन गोष्टी एकत्र मागाव्यात: किंमत, तिची त्रुटी, आणि चढउतार १२, १४, १६, २० टक्के धरल्यावर येणाऱ्या किमतींचा छोटा तक्ता. पहिल्या दोहोंतून संगणकाने काम नीट केले का ते कळते. तिसऱ्यातून कळते, की उत्तरातला किती भाग आपण कोडमध्ये आधीच लिहून ठेवला होता.