कडेला उभा तो कोण?

अंतरपाट नुकताच दूर झालाय, अक्षता हवेत आहेत, नवरीच्या मागे मामा उभे आहेत. आणि फोटोच्या उजव्या कडेला मोबाइल उंचावलेला एक अनोळखी माणूस. मग नवरी फोटोग्राफरला ईमेल लिहिते, "कडेचा माणूस काढून टाका ना, प्लीज." एवढ्यावर फोटोग्राफरचं काम भागत नाही. दीड-दोन हजार फोटोंतला हा नेमका कोणता, आणि तो किती मोठा छापायचाय, हे त्याला कळायला हवं.

समजा, फोटो २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच. त्या माणसाने उजवीकडचे ९०० पिक्सेल अडवलेत. ते कापले की रुंदी ५१०० उरते. पण १८ बाय १२ इंचांच्या प्रिंटसाठी तीनास दोन हे प्रमाण राखावं लागतं, म्हणून उंचीही ३४०० वर आणावी लागते. वरून किंवा खालून ६०० पिक्सेल जाणारच. वरून कापले तर अक्षता जातात, खालून कापले तर पाट. प्रिंटच्या दर्जाची मात्र काळजी नको. इंचाला सुमारे २८३ पिक्सेल उरतात, आणि छपाईला साधारण ३०० चांगले मानतात.

तोच फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, १६०० पिक्सेल रुंदीचा असेल, तर तो न कापताही इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल भरतात आणि चेहरे धूसर दिसतात. म्हणून घरीच फोटो कापून पाठवू नये. फोटोग्राफर मूळ फाइलवर काम करतो आणि ती जशीच्या तशी जपून ठेवतो.

खरी अडचण वेगळीच असते. त्या माणसाचं कोपर मामांच्या खांद्यावर आलेलं असेल, तर त्याला पूर्ण कापताना मामांचा हातही जातो. हात मनगटावर किंवा कोपरावर कापला गेला की तो तुटल्यासारखा दिसतो. अशा वेळी नुसती कापणी पुरत नाही. त्या जागेचं रिटचिंग करावं लागतं. ते वेगळं काम आहे आणि त्याचे पैसेही वेगळे पडू शकतात, हे आधीच विचारलेलं बरं.

त्याहून आधी फोटो दोन्ही घरांत दाखवावा. नवरीकडच्यांना अनोळखी वाटणारा माणूस नवऱ्याचा आतेभाऊ निघू शकतो.

एवढं झालं की ईमेल चार ओळींत होतो:

"नमस्कार दादा, DSC_4821.JPG मध्ये उजव्या कडेला निळ्या शर्टातले गृहस्थ आहेत. दोन्ही घरांत विचारलं, कुणाच्याच ओळखीचे नाहीत. त्यांना काढता येईल का? मामांचा हात पूर्ण राहू द्या. अल्बममध्ये हा फोटो १८ बाय १२ लावायचाय, म्हणून छपाईला देण्याआधी एकदा दाखवा. कापावं लागलंच तर खालून कापा, अक्षता राहू द्या."