तारीख देण्याआधी चार आठवडे पाहा

स्वतंत्रपणे काम करणारा अनुवादक अडचणीत येतो तो बहुधा आळसामुळे नाही, तर फोनवर पटकन दिलेल्या तारखेमुळे. तीन क्लायंटच्या तीन वेगळ्या तारखा कॅलेंडरवर सुटसुटीत दिसतात. पण त्या कामांना लागणारे दिवस एकाच आठवड्यात येऊन पडतात, हे कॅलेंडर सांगत नाही. महिन्याचा तक्ताही फसवा असतो. पंचवीस तारखेला त्यात पुढचे जेमतेम पाच दिवस दिसतात आणि 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणणं सोपं जातं.

सरकती योजना म्हणजे समोर कायम चार आठवडे ठेवायचे. दर शनिवारी संपलेला आठवडा काढायचा, खाली नवा जोडायचा. रकान्यात तारखा नव्हे, शब्दसंख्या लिहायची.

समजा, एका अनुवादिकेचा वेग दिवसाला दोन हजार शब्दांचा आहे. शुक्रवार ती दुरुस्त्या, मुद्रितं आणि बिलांसाठी मोकळा ठेवते. म्हणजे आठवड्याला आठ हजार. हातात प्रकाशकाचं अठरा हजार शब्दांचं काम आहे, चौथ्या आठवड्याअखेर द्यायचं. एका संस्थेचा सहा हजारांचा अहवाल दुसऱ्या शुक्रवारी हवा आहे. शिवाय जाहिरात एजन्सीचे दर आठवड्याला हजार शब्द. पहिल्या दोन आठवड्यांत एजन्सीचे एक, अहवालाचे तीन आणि पुस्तकाचे चार हजार, की रकाना भरला. पुढच्या दोन आठवड्यांत पुस्तकाचे पाच-पाच हजार आणि एजन्सी धरूनही दोन-दोन हजारांची जागा उरते.

सोमवारी सकाळी नवा फोन येतो: चार हजार शब्द, पुढच्या गुरुवारपर्यंत. अहवाल हलत नाही, पुस्तक हलतं. दुसऱ्या आठवड्यातले त्याचे चार हजार पुढच्या दोन आठवड्यांत वाटले की काम बसतं. पण आता चारही आठवडे काठोकाठ भरले. यानंतर फोन करणाऱ्याला पाचव्या आठवड्यातलीच तारीख मिळेल. ती सांगताना अवघडायचं कारण नाही. आकडे समोर असतात.

मोकळा शुक्रवार मात्र कुणालाही विकायचा नाही. छापखान्यातून मुद्रितं न सांगता येतात, आणि दिवाळी अंकांच्या हंगामात तर 'आजच बघून द्या' म्हणतच येतात.

योजना बिघडतेय हे शनिवारी कळतं. एकच काम सलग दोनदा पुढे ढकललं गेलं, तर एक तर मजकूर क्लायंटकडून आलेला नाही किंवा आपला वेगाचा अंदाज चुकला आहे. कायद्याच्या मजकुराला दोन हजारांचा वेग लावला की हेच होतं. तिथे बाराशे धरून रकाना पुन्हा लिहावा आणि क्लायंटला त्याच दिवशी कळवावं. आठवडाभर आधी मागितलेली मुदत बहुतेक जण देतात, आदल्या रात्री मागितलेली कुणाला आवडत नाही.

सहा महिन्यांचा ग्रंथ या तक्त्यात मावत नाही. त्याचा आठवड्याचा वाटा ठरवून तेवढाच इथे लिहावा. साधी वही पुरते. पुढचा फोन उचलताना ती उघडी असू द्या.