एका सराव पेपरची खरी किंमत

पुण्यात शास्त्री रस्त्यावरून चालताना क्लासच्या फलकांवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत दिसतात: किती विद्यार्थी निवडले गेले आणि किती टेस्ट मिळणार. पहिल्या आकड्यावर वाद घालता येतो, दुसऱ्यावर सहसा कुणी घालत नाही. ‘२०० टेस्ट’ म्हणजे २०० टेस्ट, असंच सगळे धरून चालतात. फसगतीची सुरुवात तिथेच होते.

उदाहरणासाठी एमपीएससीची अराजपत्रित गट ब संयुक्त पूर्व परीक्षा घेऊ. मुलं तिला ‘कम्बाइन’ म्हणतात. १०० प्रश्न, १०० गुण, ६० मिनिटं. चुकलेल्या प्रत्येक उत्तरामागे पाव गुण कापला जातो. म्हणजे ८० प्रश्न सोडवून ५० बरोबर आणि ३० चूक आले, तर हातात उरतात साडेबेचाळीस. कुठला प्रश्न सोडून द्यायचा हे ठरवायला सरासरी ३६ सेकंद मिळतात. हा निर्णय पुस्तक वाचून येत नाही, तो घड्याळ लावून पेपर सोडवल्यावरच येतो. म्हणून इथे खर्चाचा हिशेब पेपरमागे करणं रास्त ठरतं.

समजा, परभणीहून एक मुलगी पुण्यात आली आहे. पुढचे दर उदाहरणादाखल घेतले आहेत, ज्याने त्याने आपल्यासमोरचे आकडे त्या जागी घालावेत. क्लासची फी ३०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. फी सांगताना हा कर अनेकदा शेवटी येतो. क्लास ३० पूर्ण पेपर घेणार. भागाकार केला तर पेपरमागे १,१८० रुपये. पण काही पेपर गावी गेल्यामुळे बुडाले, काही ‘अभ्यासक्रम पूर्ण नाही’ म्हणून टाळले. प्रत्यक्षात तिने १८ सोडवले. मग दर झाला सुमारे १,९६७ रुपये.

हा आकडा भीतिदायक आहे, पण खरा नाही. त्या फीत शिकवणं आहे, नोट्स आहेत, वर्गात बसणं आहे. त्यामुळे क्लासमध्ये विचारायचा प्रश्न वेगळा: “नुसत्या टेस्ट बॅचची फी किती?” समजा उत्तर आलं ४,००० अधिक कर, म्हणजे ४,७२०. तर १८ पेपरांचा दर पडतो २६२ रुपये, आणि उरलेले ३०,६८० रुपये ही शिकवण्याची किंमत. ज्याला राज्यशास्त्र किंवा अर्थव्यवस्था पहिल्यापासून समजून घ्यायची आहे त्याला ती कदाचित परवडेल. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला बसणाऱ्याने मात्र पुन्हा संपूर्ण फी भरण्याआधी हा एक आकडा वहीत लिहून बघावा.

आता मोबाइलवरची टेस्ट सिरीज. १,२०० रुपयांत २०० टेस्ट, म्हणजे सहा रुपयांना एक, चहापेक्षा स्वस्त! यादी उघडल्यावर कळतं की त्यात १५० टेस्ट प्रकरणनिहाय आहेत, प्रत्येकी २० प्रश्नांच्या. आणखी २५ विषयनिहाय. पूर्ण लांबीचे पेपर उरतात २५. त्यांतले तिने १२ सोडवले. म्हणजे पूर्ण पेपरमागे १०० रुपये. वीस प्रश्नांच्या टेस्ट वाया जातात असं नाही, उजळणीला त्या चांगल्याच. पण बसमध्ये उभ्याने सोडवलेले वीस प्रश्न आणि एका तासाचा पेपर यांची मोजणी एकाच मापाने करता येत नाही.

इथे आणखी एक मेख आहे. एमपीएससीची ही परीक्षा कागदावर होते, उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल भरायचे असतात. एका गोलाला पाच सेकंद धरले तरी शंभर गोलांना आठ मिनिटांहून जास्त लागतात. पडद्यावर बोट टेकवून सराव केलेल्याला ही आठ मिनिटं परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा भेटतात. उलट २०२३ची तलाठी भरती संगणकावर झाली होती. तशा परीक्षेसाठी ऑनलाइन सिरीजच योग्य. म्हणजे स्वस्त-महाग ठरवण्याआधी आपली परीक्षा कागदावरची की पडद्यावरची, हे बघायला हवं.

राहिली पुस्तकं. अप्पा बळवंत चौकात सराव पेपरांचं पुस्तक घेतलं, किंमत ३५० रुपये, पेपर २०. साडेसतरा रुपयांना एक. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स दोन रुपये. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका तर संकेतस्थळावर फुकट आहेत, उत्तरतालिकांसह. पण कागदावर सोडवायच्या तर छापाव्या लागतात. मराठी-इंग्रजी दोन्ही मजकूर असल्याने त्या जाडजूड होतात. ३२ पानं आणि पानाला दोन रुपये धरले तर ६४, वर उत्तरपत्रिकेचे दोन. फुकटचा पेपर ६६ रुपयांना पडला, विकतच्या पुस्तकातल्या पेपरापेक्षा महाग! तरीही घेण्यासारखा तोच आहे, कारण प्रश्न ज्यांनी काढले त्यांचीच ती भाषा आहे.

त्यात विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ते जुन्या प्रश्नांचं विषयवार संकलन आधी वाचून संपवतात आणि मग तेच पेपर ‘मॉक’ म्हणून सोडवतात. गुण सत्तरच्या पुढे जातात, कारण ती ओळख असते, तयारी नव्हे. निदान शेवटचे तीन-चार पेपर न बघता बाजूला ठेवावेत.

विकत घ्यायच्या पेपरांचा दर्जा ओळखायला फार वेळ लागत नाही. एक नमुना पेपर मागावा. त्यातले राज्यघटनेवरचे पाच प्रश्न घेऊन कलमांशी ताडून बघावेत, भूगोलाचे पाच शालेय पाठ्यपुस्तकांशी. दहांत दोन उत्तरं चुकली तर तो संच फुकटही नको, कारण चुकीचं उत्तर पाठ होतं. आयोगही आधी पहिली उत्तरतालिका काढतो, हरकती घेतो आणि मग अंतिम तालिका देतो. कधी प्रश्न रद्दही होतात. खासगी संचाची शुद्धिपत्रं निघत असतील तर तो चांगला, कधीच निघत नसतील तर त्या उत्तरांकडे पुन्हा कुणी बघत नाही असं समजावं. स्पष्टीकरणात ‘पर्याय ३ बरोबर’ एवढंच छापलेलं असेल, तर ते स्पष्टीकरण नव्हे.

आणि भागाकाराच्या खाली कोणता आकडा ठेवायचा? दिलेले पेपर नव्हे, सोडवलेलेही नव्हे, तर तपासलेले. एका तासाच्या पेपरामागे दोन-तीन तास चुका बघायला लागतात: माहीत नव्हतं, माहीत असून प्रश्न नीट वाचला नाही की अंदाजाने गोल भरला. क्लासच्या १८ पेपरांपैकी नऊच असे तपासले असतील, तर २६२चा दर ५२४ होतो. मोबाइलच्या १२पैकी चार, तर १०० रुपयांचे ३००.

क्लासच्या टेस्ट हॉलला एक गुण द्यायलाच हवा. ठरलेल्या वेळी, शेजारी अनोळखी माणूस आणि समोर घड्याळ अशा स्थितीत पेपर होतो. घरी ते जमत नाही. म्हणून सगळे नाही, पण काही पेपर तिथे द्यावेत. परभणीच्या मुलीसाठी हिशेब असा बसतो: आयोगाचे सहा जुने पेपर, ३९६ रुपये. पुस्तकातले १४, उत्तरपत्रिकांसह ३७८. आणि दहा पेपरांची छोटी टेस्ट बॅच १,५०० रुपयांना मिळाली तर करासह १,७७०. एकूण ३० पेपर, २,५४४ रुपये, पेपरमागे ८५. आठवड्याला दोन धरले तर तपासणीसह पंधरा आठवडे.