सतरा टक्के आणि कंसातील दोन आकडे

वाईच्या एका शाळेत तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले आमचे मास्तर ज्येष्ठ नागरिकांच्या साप्ताहिक बैठकीहून परतले, तेव्हा त्यांच्या हाती एक गुळगुळीत पत्रक होते. ड जीवनसत्त्वाची गोळी नित्य घेतल्यास कर्करोगाने येणारा मृत्यू १७ टक्क्यांनी टळतो, हे अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले आहे, असा त्याचा मजकूर होता. तळाशी बारीक टाइपात ‘०.८३ (०.६७ ते १.०२)’ एवढाच तपशील दिलेला होता. मास्तरांच्या धाकट्या बहिणीला कर्करोगानेच नेले होते, म्हणून घरातील मंडळींनी गोळ्यांची मागणी नोंदविण्याचा आग्रह धरला. मास्तरांनाही तो मोह झाला. परंतु कंसातील आकडे काय सांगतात हे कळल्यावाचून पैसे देणे त्यांच्या स्वभावात बसेना, आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी त्याच आठवड्यात पुण्याहून माहेरी आली, तेव्हा ते पत्रक त्यांनी तिच्यापुढे ठेवले.

तिने सांगितले, “सर, हा प्रयोग खरा आहे.” व्हायटल या नावाने तो प्रसिद्ध आहे, आणि बोस्टनच्या संशोधकांनी केलेल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकाच्या अंकात छापून आले. पन्नाशी उलटलेले पुरुष आणि पंचावन्न वर्षांवरील स्त्रिया मिळून २५,८७१ लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून, एका गटाला दररोज २,००० एककांची ड जीवनसत्त्वाची गोळी आणि दुसऱ्याला दिसण्यात तशीच, पण निर्गुण गोळी, अशी सुमारे पाच वर्षे देण्यात आली. पहिल्या गटात कर्करोगाने १५४ माणसे दगावली, दुसऱ्यात १८७. गट जवळजवळ समान असल्यामुळे १५४ ला १८७ ने भागले की ०.८२४ च्या आसपास उत्तर येते. प्रत्येकाच्या सहभागाचा काळ हिशेबात धरून संशोधकांनी ते ०.८३ असे दिले, आणि १ मधून ०.८३ वजा केले की पत्रकातील सतरा टक्के मिळतात.

येथवर मास्तरांना काहीच अडले नाही. अडले ते कंसापाशी. ०.८३ हे निश्चित सत्य आहे आणि कंस ही पंडितांची औपचारिकता, असा बहुतेकांचा समज असतो, आणि मास्तरांचाही होता. विद्यार्थिनीने त्यांनाच विचारले, “आपल्या शाळेतील हजार मुलांची सरासरी उंची काढायची आहे, आणि चाळीस शिक्षकांनी आपापल्या मर्जीने नव्हे, तर सोडत काढून पन्नास-पन्नास मुले मोजली, तर सर्वांचे उत्तर एकच येईल का?” ते येणार नाही, हे मास्तर जाणत होते. तसेच हा प्रयोग दुसऱ्या पंचवीस हजारांवर केला असता तर १५४ आणि १८७ हे आकडेही बदलले असते, आणि किती बदलले असते याचा अंदाज मृत्यूंच्या संख्येवरूनच बांधता येतो. कंसातील मर्यादा, ज्यांना ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल किंवा विश्वासांतराल म्हणतात, त्या त्याच अंदाजातून निघतात.

मास्तरांनी लगेच कपाटातून जुनी लॉगॅरिथमची कोष्टके काढली आणि तिच्या सांगण्याप्रमाणे हिशेब मांडला. १५४ आणि १८७ यांच्या व्यस्तांची बेरीज ०.०११८४ आली, तिचे वर्गमूळ ०.१०८८, त्याला १.९६ ने गुणून मिळालेल्या ०.२१३ या नैसर्गिक लॉगॅरिथमचा प्रतिलॉग सुमारे १.२३७ निघाला. आता ०.८२४ ला १.२३७ ने भागले की ०.६७, गुणले की १.०२. छापील कंसातील दोन्ही टोके त्यांच्या वहीच्या पानावर उतरली. आपल्या हाताने ती काढल्याचे समाधान तर त्यांना झालेच, पण मर्यादा इतक्या रुंद का हेही उमगले, कारण लोक पंचवीस हजार असले तरी ती रुंदी मृत्यूंच्या ३४१ या लहान संख्येवर अवलंबून होती.

गुणोत्तर एक असणे म्हणजे दोन्ही गटांत मुळीच फरक नसणे. कंस ०.६७ पासून निघून एकाला ओलांडून १.०२ पर्यंत गेलेला पाहून मास्तर म्हणाले, “मग गोळी निरुपयोगी ठरली, पत्रक खोटे!” येथे विद्यार्थिनीने त्यांना थांबविले, आणि ही घाई पहिल्याइतकीच सार्वत्रिक असल्यामुळे तिचे उत्तर जपून ठेवण्याजोगे आहे. ती म्हणाली, “सर, मृत्यू एक तृतीयांशाने घटतात हे, आणि दोन टक्क्यांनी वाढतात हेही, या आकड्यांशी विसंगत नाही. मधल्या किमती टोकांपेक्षा अधिक जुळतात. फायदा नाही असे यातून सिद्ध होत नाही. तो आहे एवढी खात्री मात्र मिळत नाही.” पहिली दोन वर्षे वगळून केलेल्या वेगळ्या हिशेबात कंस ०.५९ ते ०.९६ असा एकाच्या खाली राहिला, हेही तिने लपविले नाही. मात्र अनेक हिशेबांपैकी एक जुळला म्हणून त्यालाच निकाल मानता येत नाही, असेही तिने बजावले. ज्या मुख्य प्रश्नांसाठी हा प्रयोग योजला होता त्यांपैकी एकाचे, म्हणजे कर्करोग होण्याचेच प्रमाण घटते का याचे, उत्तर ०.९६ (०.८८ ते १.०६) असे आले, आणि पत्रकाने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

“तर मग खरी किंमत या कंसात असण्याची शक्यता ९५ टक्के, असेच ना?” मास्तरांनी पडताळणीसाठी विचारले. तसे म्हणणे सोपे असले तरी ते बरोबर नव्हे. विश्वासांतरालाची पद्धत जर्झी नेमान या गणितज्ञाने १९३० च्या दशकात मांडली, तेव्हापासून ९५ हा आकडा पद्धतीचा आहे, एका कंसाचा नव्हे. उंची मोजणाऱ्या चाळीस शिक्षकांनी आपापले अंतर काढले, तर सुमारे अडतीस अंतरांत शाळेची खरी सरासरी सापडेल आणि दोनांत सापडणार नाही. आपल्या हातातले अंतर कोणत्या गटातले, हे ते अंतर पाहून सांगता येत नाही. शिवाय प्रयोगातच काही पक्षपात शिरला असेल, तर त्याची भरपाई कोणताही कंस करीत नाही.

शेवटी तिने सतरा टक्क्यांचा अर्थ माणसांत मोजून दाखविला. निर्गुण गोळीच्या गटात दर दहा हजारांत साधारण १४४ मृत्यू, जीवनसत्त्वाच्या गटात ११९. फरक पंचवीसचा, आणि तोही अनिश्चित. शंभरांतील सतरा जण वाचतात, अशी जी समजूत पत्रक वाचून सहज होते, तिला या हिशेबात काहीही आधार नाही.

पुढल्या बैठकीत मास्तरांनी कार्यवाहांना सादर केलेला अर्ज मी वाचला आहे. त्यात पत्रकाचा मजकूर, कंस आणि आपला हिशेब उतरवून त्यांनी लिहिले होते: “रक्ततपासणीत ज्यांची ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली असेल त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते जरूर घ्यावे. कर्करोगाच्या मृत्यूपासून रक्षण होते म्हणून या पत्रकाच्या आधारे विकत घेण्यास या प्रयोगाचा पुरावा पुरेसा नाही. सबब मी माझ्या घरची मागणी नोंदवीत नाही.”