जाड डेनिमच्या शिवणीतील दोऱ्यांच्या ताणाचा समतोल

दोऱ्यांच्या ताणाचा समतोल म्हणजे शिवणयंत्रावरील सुईचा (वरचा) दोरा आणि बॉबिनचा (खालचा) दोरा यांच्या ओढीतील असे प्रमाण, की ज्यामुळे दोन्ही दोऱ्यांची गुंतवण कापडाच्या जाडीच्या आत बसते. हे प्रमाण बिघडल्यास शिवणीच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागावर दोऱ्याचे ठिपके अथवा वेटोळी दिसू लागतात. जीन्ससारख्या जाड डेनिमच्या कपड्यांत हा दोष विशेष आढळतो. डेनिमची वीण घट्ट असते, शोभेच्या शिवणीसाठी दोरा जाड वापरला जातो आणि एकाच शिवणीत थरांची संख्या एकदम बदलते.

## टाक्याची रचना

घरगुती यंत्रे आणि शिंप्याकडील बहुतेक यंत्रे लॉकस्टिच, म्हणजे दोन दोऱ्यांचा गुंतवणीचा टाका घालतात. आयएसओ ४९१५ या वर्गीकरणात त्याचा क्रमांक ३०१ आहे. इलियास हाऊ यांना १८४६ साली अमेरिकेत मिळालेले एकस्व याच प्रकारच्या टाक्यासाठी होते.

सुई कापडातून खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा लहान फास तयार होतो. हुकचे टोक हा फास पकडून बॉबिनभोवती फिरवते आणि त्यामुळे खालचा दोरा वरच्या दोऱ्यात अडकतो. त्यानंतर दोरा ओढणारी दांडी वर जाते व फास घट्ट करते. गुंतवण कोठे थांबणार हे याच क्षणी ठरते. वरचा दोरा तिला वर ओढतो, तर खालचा दोरा खाली धरून ठेवतो. दोन्ही ओढी जुळल्या की गुंतवण कापडाच्या मध्यावर येते आणि कोणत्याही बाजूने पाहिल्यास सरळ रेषेतील टाकेच दिसतात.

वरच्या दोऱ्याचा ताण दोन गोल चकत्यांमधून मिळतो. स्प्रिंगने दाबलेल्या या चकत्यांमधून दोरा घासत जातो व पुढील चाकी फिरवून हा दाब कमीजास्त करता येतो. खालच्या दोऱ्याचा ताण बॉबिन केसवरील पातळ पट्टीच्या स्प्रिंगमुळे मिळतो. तो त्या पट्टीवरील लहान स्क्रूने बदलतो.

## दोषाची ओळख

वेटोळी ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूचा दोरा सहसा दोषी नसतो. प्रश्न विरुद्ध बाजूच्या दोऱ्याच्या ताणात असतो.

* खालच्या बाजूस वरच्या दोऱ्याची वेटोळी: वरचा ताण प्रमाणाबाहेर कमी आहे. गुंतवण वर खेचली न जाता कापडाखालीच राहिली आहे.
* वरच्या बाजूस खालच्या दोऱ्याचे ठिपके: वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिनचा ताण कमी आहे. गुंतवण कापडाच्या वर आली आहे.
* वेटोळी केवळ जाड सांध्यावर: दोन्ही ताण सामान्यतः योग्य आहेत. त्या विशिष्ट जागी फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, किंवा कापडाची सरक बिघडत आहे.

कोणता दोरा कोठे दिसतो हे ओळखण्यासाठी वर आणि खाली वेगवेगळ्या रंगांचे, परंतु प्रत्यक्ष कामात वापरायच्या जाडीचेच दोरे लावून चाचणी घेतात.

कारखान्यात शिवलेल्या अनेक जीन्सच्या पायांच्या दुमडीवर खालच्या बाजूस साखळीसारखी वेटोळी दिसतात. तो दोष नसतो. तो दोन दोऱ्यांचा साखळी टाका (क्रमांक ४०१) असून त्याची रचनाच तशी असते. अशी जीन्स आखूड करताना लॉकस्टिचने पुन्हा शिवल्यास मात्र खालच्या बाजूस वेटोळी दिसता कामा नयेत.

## डेनिममध्ये समतोल बिघडण्याची कारणे

खाली गेलेला जाड दोरा पुन्हा वर खेचला जाताना त्याला सुईने पाडलेल्या छिद्रातून यावे लागते. डेनिमच्या दाट विणीत हे छिद्र लगेच आवळले जाते आणि घर्षणामुळे वरच्या ओढीचा काही भाग तेथेच खर्च होतो. त्यामुळे पातळ सुती कापडावर बिनदोष चालणारे ताण जाड डेनिमवर कमी पडतात व खालच्या बाजूस वेटोळी उमटतात. सुई बारीक असेल तर हा परिणाम वाढतो, कारण छिद्र लहान पडते आणि सुईच्या अंगावरील खोबणीत जाड दोरा नीट बसत नाही. जाड डेनिमसाठी १६ किंवा १८ क्रमांकाची (१०० किंवा ११० मापाची) जीन्सची सुई वापरली जाते.

जाड दोऱ्याचा दुसरा परिणाम याच्या उलट आहे. तो चकत्यांना अधिक फाकवतो, स्प्रिंग जास्त दाबली जाते आणि चाकी न फिरवताही ताण वाढतो. हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध काम करत असल्यामुळे चाकीवरचा अमुक एक आकडा डेनिमसाठी योग्य आहे असे ठरवता येत नाही. तो त्याच कापडावर, त्याच दोऱ्याने आणि तितक्याच थरांवर तपासून घ्यावा लागतो.

तिसरे कारण तंतूंचे आहे. डेनिम शिवताना निळसर तंतू मोठ्या प्रमाणात सुटतात व बॉबिन केसच्या पट्टीखाली साचतात. तंतूंचा लहानसा गोळाही पट्टीला किंचित उचलून धरतो. मग खालचा दोरा ढिला पडतो आणि वरच्या बाजूस ठिपके दिसतात. अशा वेळी स्क्रू आवळल्यास दोष तात्पुरता झाकला जातो, परंतु पुढे तंतू निघून गेले की ताण एकदम वाढतो. म्हणून पट्टीखालील जागा आधी साफ करणे आवश्यक असते.

## समतोल साधण्याचा क्रम

ताणाच्या चाकीला हात लावण्यापूर्वी दोरा पुन्हा ओवला जातो. फूट खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात. त्या स्थितीत ओवलेला दोरा चकत्यांच्या मध्ये न शिरता कडेवर राहतो व त्याला जवळजवळ ताणच मिळत नाही. खालच्या बाजूस मोठ्या, सैल वेटोळ्यांचे जाळे होणे हे याचे लक्षण होय. फूट वर उचलून ओवल्यावर दोरा हाताने ओढून पाहतात. फूट वर असताना तो सहज सरकला पाहिजे आणि फूट खाली घेताच त्याला स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे.

त्यानंतर खालचा ताण पाहिला जातो. वेगळी काढता येणारी बॉबिन केस दोऱ्याने लोंबकळत धरली असता ती आपोआप घसरत जाऊ नये. हाताला हलका झटका दिल्यावर ती सुमारे दोन ते तीन सेंटीमीटर घसरून थांबावी. ती सरळ खाली गेल्यास ताण कमी आहे, झटक्यानेही न हलल्यास जास्त आहे. स्क्रू एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि त्याची मूळ जागा आधी खूण करून ठेवावी. केसवर बहुधा दोन स्क्रू असतात. त्यांपैकी पट्टी धरून ठेवणारा स्क्रू न हलवता ताणाचाच स्क्रू फिरवावा लागतो. वरून बॉबिन टाकण्याच्या यंत्रांत ही लोंबकळती चाचणी लागू पडत नाही.

खालचा ताण असा स्थिर केल्यावर पुढील सर्व जुळवणी वरच्या चाकीने केली जाते. दोन्ही ताण एकाच वेळी बदलल्यास कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कळत नाही.

## उदाहरण: जीन्सच्या पायाची दुमड

सुमारे १४ औंस, म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे ४७५ ग्रॅम वजनाच्या डेनिमची जीन्स आखूड करायची आहे असे समजू. वर जाड सोनेरी दोरा, बॉबिनमध्ये तुलनेने बारीक निळा दोरा, १४ क्रमांकाची सुई आणि चाकी ४ वर आहे. त्याच जीन्सच्या कापलेल्या तुकड्याला दोनदा दुमड घालून, म्हणजे तीन थरांवर, चाचणी घेतली असता खालच्या बाजूस प्रत्येक टाक्याला सोनेरी वेटोळे दिसते.

फूट वर करून दोरा पुन्हा ओवल्यावर मोठी वेटोळी जातात, पण सोनेरी ठिपके उरतात. १८ क्रमांकाची सुई लावल्यावर ते ठिपके लहान होतात. आता चाकी अर्ध्या आकड्याने वाढवत प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेंटीमीटर शिवून पाहिले जाते. ५ वर खालचे ठिपके जवळजवळ दिसेनासे होतात. ६ वर मात्र वरच्या बाजूस निळे ठिपके उमटू लागतात. योग्य जागा या दोहोंच्या मध्ये, ५ च्या जवळ आहे. जीन्सवर दर्शनी बाजू वरची असल्यामुळे गुंतवण नेमक्या मध्यापेक्षा किंचित खाली ठेवणे पसंत केले जाते.

प्रत्यक्ष शिवताना दुमड पायाच्या आतील शिवणीपाशी पोहोचते. ही शिवण दोन्ही काठ एकमेकांत दुमडून घातलेली असल्यास तिच्यातच चार थर असतात. दोन दुमडींमुळे तेथे तीनाऐवजी बारा थर होतात. उंचवटा चढताना फुटाचे पुढचे टोक वर उचलले जाते, दात्यांची पकड सुटते, टाके आखूड पडतात व कापड सुईबरोबर वर उचलले जाऊ लागते. शिवाय अनेक यंत्रांत फूट वर गेले की चकत्या उघडतात. उंचवट्यावर फूट फार वर गेल्यास त्या अंशतः सैल होतात आणि ५ वरचा समतोल तेवढ्याच तीन-चार टाक्यांपुरता नाहीसा होतो.

येथे चाकी आवळल्यास उंचवट्यापुढील तीन थरांवर वरच्या बाजूस ठिपके येतात. म्हणून ताण न बदलता उंचवटाच कमी केला जातो. सांध्यातील जास्तीचे कापड आतून छाटतात, तो भाग हातोडीने ठोकून चपटा करतात आणि फुटाच्या मागे तितक्याच जाडीचा डेनिमचा घडी घातलेला तुकडा ठेवतात. त्यामुळे फूट आडवे राहते. उंचवट्यावरचे टाके यंत्राचे चाक हाताने फिरवून घातले जातात. उतारावर तोच तुकडा फुटाच्या पुढील बाजूखाली ठेवतात.

## मर्यादा

समतोल म्हणजे पुरेसा ताण नव्हे. दोन्ही ताण सारखेच कमी असतील तर पृष्ठभागावर वेटोळी दिसत नाहीत, परंतु शिवण आडवी ताणल्यावर दोन कापडांमध्ये फट पडून टाके उघडे दिसतात. दोन्ही सारखेच जास्त असतील तर शिवण चुण्या धरते किंवा बसताना-उठताना ताण येऊन दोरा तुटतो. म्हणून तयार शिवण दोन्ही बाजूंनी पाहण्याबरोबरच हाताने आडवी व लांबीच्या दिशेने ताणून पाहिली जाते.

ओवणी, सुई, स्वच्छता आणि दोन्ही ताण तपासूनही वेटोळी अनियमितपणे येत राहिल्यास कारण ताणात नसते. चकत्यांवर पडलेला चरा, बोथट झालेले हुकचे टोक किंवा सुई व हुक यांची चुकलेली वेळ ही त्याची नेहमीची कारणे होत. ती दूर करणे हे यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे काम असते.

## हे सुद्धा पहा

* शिवणयंत्र
* डेनिम
* बॉबिन