अर्धवट टोपली आणि तीन मेल

समजा, सांगलीची हळद आणि साताऱ्याचे कंदी पेढे ऑनलाइन विकणाऱ्या दुकानात ग्राहकाने टोपली भरली, पण पैसे न भरताच तो गेला. दुकान पाच दिवसांत सहा मेल पाठवतं. त्यांतले तीन पुरेत.

पहिला तासाभराने: टोपलीत काय आहे आणि तिथे परतायची लिंक, एवढंच. दुसरा दुसऱ्या दिवशी, अडलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारा: टपालखर्च किती, पेढे किती दिवस टिकतात. तिसरा चौथ्या दिवशी: हा शेवटचा मेल. सूट कशातच नको. नाहीतर लोक मुद्दाम टोपली सोडून सवलतीची वाट पाहतात.

प्रत्येक मेल सुटण्याच्या क्षणी खरेदी झाली का, सदस्यत्व रद्द झालं का, हे तपासायला हवं. रांग आधीच लावून ठेवली, तर पैसे भरलेल्यालाही ‘विसरलात का?’ जातं.

मेलमधलं ‘फक्त दोनच डबे उरले’ हे खोटं असेल, तर ती नुसती आक्रमक विक्री नव्हे. केंद्राच्या 2023च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई आणि सततचा तगादा दोन्ही आहेत. असे मेल आले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार करा.