स्फोटात कुणी जखमी झाले नाही, तरी गुन्हा पूर्ण होता

२० जानेवारी १९४८ची संध्याकाळ. दिल्लीत बिर्ला भवनाच्या मागच्या अंगणात गांधीजींची प्रार्थनासभा चालू असताना मोठा आवाज झाला. मागच्या भिंतीशी गनकॉटनचा तुकडा फुटला होता. भिंतीचे थोडेफार नुकसान झाले, पण कुणालाही इजा झाली नाही. वात पेटवणारा मदनलाल पाहवा तिथल्या तिथे पकडला गेला आणि गांधीजींनी लोकांना शांत करून सभा पुढे चालवली. मदनलाल हा फाळणीत घरदार गमावून नगर भागात येऊन राहिलेला पंजाबी निर्वासित होता.

स्फोट हा सगळा बेत नव्हता. लोकांचे लक्ष भिंतीकडे वळावे, एवढ्यापुरताच तो होता. पुढे खटल्यात समोर आलेली योजना अशी होती : प्रार्थनेच्या चौथऱ्यामागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यांतल्या एका खोलीत शिरून जाळीच्या खिडकीतून गोळी झाडायची आणि हातबॉम्ब टाकायचा. खोलीत शिरायचे काम पुण्यातला शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे याच्याकडे होते. ऐन वेळी तो कचरला, आत गेलाच नाही आणि बेत फसला. नथुराम गोडसे, नारायण आपटे, विष्णू करकरे, गोपाळ गोडसे, बडगे आणि त्याचा नोकर शंकर किस्तय्या हे सगळे निसटले. दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, नथुरामने त्याच अंगणात गांधीजींचा खून केला.

क्षणभर असे धरू की ३० जानेवारी उजाडलीच नाही आणि पोलिसांनी २१ तारखेलाच सगळ्यांना धरले. मग या मंडळींचा अपराध काय ठरला असता? मदनलालवर स्फोटकांचा गुन्हा लागला असता, हे उघड आहे. पण ज्याने काडीही पेटवली नाही, पिस्तूलही बाहेर काढले नाही, तो कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता का? तसा तो नव्हता. खून करायचे त्यांचे आपसात ठरले त्या घडीलाच फौजदारी कटाचा गुन्हा पुरा झाला होता. बेत फसला, हल्लेखोर घाबरला किंवा इजा कुणालाच झाली नाही, म्हणून तो गुन्हा पुसला जात नाही.

हे कलम भारतीय दंड संहितेत सुरुवातीपासून नव्हते. १८६०च्या मूळ संहितेत कटाचा विचार मुख्यतः अपप्रेरणेच्या, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देण्याच्या अंगाने होता आणि त्यासाठी कटाला अनुसरून काहीतरी कृती घडावी लागे. सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कटासाठी १८७०मध्ये वेगळे कलम आले. डिसेंबर १९१२मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १९१३ साली, कलम १२०-अ आणि १२०-ब संहितेत दाखल झाली. परक्या सरकारने आपल्या सोयीने घडवलेले हे हत्यार स्वतंत्र भारताने तसेच ठेवले, आणि स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत देशातला सर्वांत मोठा खटला त्याच्याच आधारे उभा राहिला.

कलमाची व्याख्या फार लांबलचक नाही. दोन किंवा अधिक माणसांनी एखादे बेकायदेशीर कृत्य करायचे, किंवा कायदेशीर काम बेकायदेशीर मार्गाने करायचे, असे आपसात ठरवले की तो फौजदारी कट. त्याला एक महत्त्वाचा अपवाद जोडलेला आहे. ठरलेले कृत्य मुळात गुन्हा नसून नुसते बेकायदेशीर असेल, तर केवळ ठरवणे पुरत नाही. ठरल्याप्रमाणे कुणीतरी निदान एक पाऊल टाकलेले असावे लागते. खून, दरोडा, बनावट कागदपत्रे अशा खऱ्या गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र नुसते ठरवणेही पुरेसे आहे.

इथे वाचकाच्या मनात शंका यावी, आणि ती रास्त आहे. मनात आलेल्या विचाराला कायदा शिक्षा करत नाही. एकटा माणूस वर्षभर एखाद्याचा काटा काढायचे मनसुबे रचत बसला, तरी त्याच्यावर खटला भरता येत नाही. मग दोघांच्या मनातले तेवढे गुन्हा कसे? कायद्याचे उत्तर असे की दोघांनी एकमेकांना होकार दिला की ती गोष्ट मनात राहिलेली नसते. होकार देणे ही कृती आहे. शिवाय एकट्याचा बेत त्याच्या मनाबरोबर बदलू शकतो. चौघांच्या बेतात एक घाबरला तरी तिघे उरतात आणि एकमेकांना मागे हटू देत नाहीत. बडगे कचरल्यावर नेमके हेच झाले.

खरी अडचण पुराव्याची असते. कट उघड्यावर शिजत नाही आणि त्याचा करारनामाही कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून सरकारी पक्षाला आजूबाजूच्या गोष्टींची साखळी जोडावी लागते. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर चाललेल्या या खटल्यात ती कशी जोडली गेली, हे पाहण्यासारखे आहे. १३ आणि १४ जानेवारीला नथुरामने आपल्या विम्याच्या दोन पॉलिसी आपटे आणि गोपाळ यांच्या पत्नींच्या नावे केल्या. त्याच सुमारास खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला असलेल्या गोपाळने रजेचा अर्ज टाकला. १७ तारखेला नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी विमानाने मुंबईहून दिल्लीला गेले आणि कॅनॉट प्लेसच्या मरिना हॉटेलात ‘देशपांडे’ म्हणून उतरले. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर तिला निर्दोष अर्थ लावता येतो. विमा कुणीही कुणाच्या नावे करतो, रजाही कुणीही मागतो. पण एकाच आठवड्यात, एकाच दिशेने जाणारी ही पावले ओळीने मांडली की योगायोग म्हणणे अवघड होते.

नथुरामने न्यायालयात काय भूमिका घेतली, हेही ध्यानात घ्यावे. खून आपण केला हे त्याने मान्य केले, पण कट होता हे मात्र शेवटपर्यंत नाकारले. उच्च न्यायालयात अपील करतानाही त्याने खुनाच्या दोषसिद्धीला आव्हान दिले नाही. त्याचे अपील कटाच्या निष्कर्षाविरुद्ध होते. कारण स्पष्ट होते. कट शाबीत झाला नाही, तर गोळी झाडणारा एकटाच अडकतो. कट शाबीत झाला, की एकाचे कृत्य सगळ्यांच्या नावावर लागते.

झालेही तसेच. ३० जानेवारीला आपटे बिर्ला भवनात होता, पण गोळी त्याने झाडली नाही, तरी तो नथुरामबरोबर अंबाल्याला फासावर गेला. खून झाला तेव्हा गोपाळ दिल्लीतच नव्हता. मदनलाल तर दहा दिवस पोलिसांच्या कोठडीत होता. तरीही दोघांना जन्मठेप झाली. पुरावा कायद्याच्या कलम १०ने हे शक्य केले. कट असल्याचे मानायला रास्त कारण असेल, तर समान हेतूला अनुसरून एकाने बोललेले, लिहिलेले किंवा केलेले इतरांविरुद्धही पुरावा म्हणून वापरता येते. या कलमाला एक कुंपण आहे. कट चालू असतानाचेच बोलणे त्यात बसते. अटकेनंतर पोलिसांसमोर एखाद्याने साथीदारांविषयी ओकलेले त्यात येत नाही. १९४०मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मिर्झा अकबर खटल्यात ही मर्यादा ठळक केली.

असे कलम हाती असले की जाळे हवे तेवढे लांब फेकण्याचा मोह होतो. या खटल्यात तो कुठे आवरला गेला, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. किस्तय्या बडगेबरोबर दिल्लीला गेला होता, २० तारखेला बिर्ला भवनातही होता. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी धरले. सिमल्याला बसणाऱ्या पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने मात्र त्याला सोडले. मालकाने सांगितले तिथे जाणारा हा नोकर होता. कशासाठी चाललो आहोत हे जाणून त्याने होकार दिला, असे शाबीत झाले नाही. जिथे होकारच नाही, तिथे हजेरी कितीही जवळची असली तरी कट होत नाही. ग्वाल्हेरच्या डॉ. परचुरे यांनाही याच न्यायालयाने निर्दोष ठरवले.

विनायक दामोदर सावरकरांविरुद्धचा आरोप प्रामुख्याने बडगेच्या जबानीवर उभा होता. बडगे माफीचा साक्षीदार झाला होता. म्हणजे स्वतः कटात असलेला, पण साक्ष दिल्याबद्दल माफी मिळालेला माणूस. असा साक्षीदार आपली मान सोडवण्यासाठी दुसऱ्याची अडकवू शकतो, म्हणून स्वतंत्र पुराव्याचा आधार मिळाल्याशिवाय त्याच्या शब्दावर विसंबू नये, असा न्यायालयांचा जुना दंडक आहे. बडगे एकंदरीत खरे बोलतो, असे न्यायाधीश आत्माचरण यांना वाटले. पण सावरकरांपुरता त्याच्या सांगण्याला बाहेरून आधार नव्हता, म्हणून त्यांनी सावरकरांना निर्दोष मुक्त केले. पुढे १९६९मध्ये न्यायमूर्ती कपूर आयोगाने वेगळा निष्कर्ष नोंदवला आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे. पण आयोग म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे. त्याच्या निष्कर्षाने कुणी दोषी ठरत नाही.

निकालपत्रात न्यायाधीशांनी पोलिसांवरही ठपका ठेवला. मदनलालने पकडल्यावर दिलेल्या माहितीत करकरेचे नाव होते आणि पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेखही होता. त्या दहा दिवसांत तपासात थोडी तत्परता दाखवली असती, तर अनर्थ बहुधा टळला असता, असे त्यांचे म्हणणे होते. कटाचे कलम ज्यासाठी असते ते हेच. इजा होण्याची वाट न पाहता हात घालता यावा, यासाठी. २० जानेवारीला कायदा तयार होता, पण तो वापरणारी यंत्रणा हलली नाही.

ठरलेला गुन्हा घडलाच नाही, तर शिक्षा मात्र कमी असते. खुनासारख्या गुन्ह्याच्या कटात तो खून घडला नाही आणि कुणाला दुखापतही झाली नाही, तर जास्तीत जास्त ७ वर्षे. दुखापत झाली असेल तर १४ वर्षांपर्यंत. प्रत्यक्ष गुन्हा घडला, तर मात्र तो करणाऱ्याइतकीच शिक्षा इतरांनाही होऊ शकते.

१ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि १२०-अ, १२०-ब ही कलमे तिच्या कलम ६१मध्ये एकत्र झाली. गाभा बदललेला नाही. आर्थिक घोटाळ्यांपासून दहशतवादाच्या खटल्यांपर्यंत, बातमीत हे कलम सतत दिसते. ते वाचताना आरोपींची संख्या किंवा त्यांची आपसातली ओळख एवढ्यावर मत बनवू नये. कुणाशी काय ठरले, ते या आरोपीला माहीत होते का, आणि साथीदाराच्या शब्दाखेरीज त्याला दुसरा कोणता पुरावा आहे, हे आधी विचारावे.